एका गुणाने हरलो, त्यानंतरची बैठक

शालेय स्पर्धा संपल्या की हंगामाचा आढावा बहुतेक शाळांत शिक्षकांच्या खोलीत, चहा पिता पिता उरकतो. ‘यंदा जिल्ह्याला थोडक्यात गेलं, सर.’ ‘हो ना, शेवटच्या मिनिटाला खांबाजवळची पोरगी सुटली.’ मग तासाची घंटा होते आणि विषय संपतो. पुढच्या जुलैत सराव सुरू होतो तो मागच्या जुलैसारखाच.

खरं तर असा आढावा सव्वा तासाच्या एका बैठकीत नीट होऊ शकतो. त्यासाठी चार गोष्टी लागतात: निकाल, दुखापती, हजेरी आणि पुढच्या वर्षीचे बदल. अनेक शाळांत या चार मथळ्यांचा छापील नमुना असतोही. चार चौकोन, प्रत्येकात चार ओळी, खाली मुख्याध्यापकांची सही. ‘निकाल : समाधानकारक. हजेरी : अनियमित. दुखापती : किरकोळ. सुधारणा : जास्त सराव.’ हा कागद कोणत्याही शाळेच्या, कोणत्याही खेळाच्या, कोणत्याही वर्षाच्या फायलीत लावला तरी चालेल. चौकोन वेगवेगळे असल्यामुळे एकातली गोष्ट दुसऱ्यातल्या गोष्टीमुळे घडली असेल, हे त्यात दिसतच नाही. माझ्या मते नमुन्याचं सगळं कसब चारही गोष्टी एकाच काळपट्टीवर मांडण्यात आहे. ते कसं करायचं, हे खो-खोच्या एका संघावरून पाहू. संघ कल्पित आहे, आकडे नमुन्याचे आहेत. पण शाळेत खो-खो शिकवणाऱ्यांना त्यात अनोळखी काही सापडणार नाही.

शाळा भातपट्ट्यातली, संघ सतरा वर्षांखालील मुलींचा, बारा जणींचा. सराव आठवड्यातून चार दिवस, दहा आठवडे. तालुक्यातले तिन्ही सामने जिंकले. जिल्ह्यात पहिला सामना जिंकला, दुसऱ्यात ११ विरुद्ध १२ अशी एका गुणाने हार. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या, त्यामुळे हंगाम तिथेच संपला.

बैठकीआधीचं काम क्रीडाशिक्षकांचं. एक मोठा चार्टपेपर घ्यायचा आणि वर डावीकडून उजवीकडे आठवडे लिहायचे. खाली पहिल्या ओळीत ठरलेले आणि प्रत्यक्ष झालेले सराव, दुसऱ्या ओळीत दुखापती, तिसरीत सामने. चौथी ओळ कोरी ठेवायची, ती बैठकीत भरायची. आमच्या नमुना संघाचा कागद थोडक्यात असा दिसतो:

| आठवडे | ठरलेले सराव | झालेले सराव | दुखापती | सामने |
|---|---|---|---|---|
| १ ते ३ | १२ | ११ | बोट दुखावलं, ५ दिवस बाहेर | – |
| ४ व ५ | ८ | ७ | – | तालुका, तिन्ही विजय |
| ६ व ७ (गौरी-गणपती) | ८ | ३ | – | – |
| ८ व ९ | ८ | ७ | घोटा मुरगळला, दोघी | – |
| १० | ४ | ३ | – | जिल्हा, एक विजय, एक हार |

पहिली गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. चाळीस सराव ठरले होते, झाले एकतीस. न झालेले नऊ सराव मुलींच्या गैरहजेरीत धरता येत नाहीत. मैदानावर मंडप पडला, पाऊस झाला, घटक चाचणी आली किंवा सरांना प्रशिक्षणाला जावं लागलं, ही शाळेची गैरहजेरी. ती आधी लिहिली की मुलींच्या हजेरीबद्दल बोलण्याचा अधिकार मिळतो. शिवाय हजेरीची टक्केवारी काढताना भागायचं ते एकतीसने, चाळीसने नाही. ही चूक वाटते त्यापेक्षा सर्रास होते, आणि चोवीस दिवस आलेली मुलगी साठ टक्क्यांची ठरते.

बैठकीला फार माणसं नकोत. क्रीडाशिक्षक, पर्यवेक्षक किंवा मुख्याध्यापक, कर्णधार, उपकर्णधार, पालकांपैकी एक आणि राखीव खेळाडूंपैकी एक. या राखीव मुलीला विसरू नये. हंगामभर ती बाकावरून सगळं पाहत असते आणि तिच्याकडे बचाव करण्यासारखं काही नसतं. वेळ शेवटच्या सामन्यानंतर दोन-तीन आठवड्यांची, म्हणजे डोळ्यांतलं पाणी सुकलेलं असतं आणि आठवणी अजून ताज्या असतात. मार्चमध्ये बैठक ठेवली तर दहावीच्या मुली बोर्डाच्या परीक्षेत अडकलेल्या असतात, आणि सगळ्यात जास्त खेळलेल्या त्याच असतात.

आता क्रम. इथे मी रूढ पद्धतीच्या विरुद्ध जातो. निकालापासून सुरुवात केली तर सव्वा तासातला एक तास त्या सुटलेल्या गड्यावर जातो, आणि जिच्या हातून तो सुटला ती मुलगी खाली मान घालून बसते. म्हणून आधी हजेरी, मग दुखापती, मग निकाल. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी तो कागद नुसता वाचायचा. नंतर आधी मुलींनी बोलायचं, सरांनी शेवटी. सरांनी आधी तोंड उघडलं की पुढे सगळ्यांचं उत्तर एकच, ‘हो सर.’

हजेरीच्या नोंदीत हजर आणि गैरहजर एवढ्या दोन खुणा पुरत नाहीत. ‘हजर’, ‘उशिरा आली किंवा लवकर गेली’, ‘आली पण दुखापतीमुळे बसली’ आणि ‘आली नाही’ अशा चार खुणा ठेवाव्यात. कारणाचा रकाना असावा, पण तो भरण्याची सक्ती नसावी. मुलींच्या संघात पाळीच्या दिवसांची चौकशी चारचौघांत होऊ नये. ‘घरचं’ किंवा ‘तब्येत’ एवढं लिहिलेलं पुरे.

नमुना संघाची सरासरी हजेरी बरी होती. प्रश्न दुसऱ्या तुकडीचा होता. ज्यांनी खो-खो फक्त दुरून पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. संरक्षण करणाऱ्या नऊ जणी एकदम मैदानात येत नाहीत, तिघी-तिघींच्या तुकडीने येतात. एक तुकडी पूर्ण बाद झाली की पुढची. आक्रमणाची एक पाळी नऊ मिनिटांची, लहान वयोगटात सात मिनिटांची. प्रत्येक संघाला दोन डावांत मिळून आक्रमणाच्या दोन पाळ्या मिळतात, आणि बाद केलेल्या प्रत्येक गड्याला एक गुण. तुकडीतल्या तिघींना एकमेकींचा अंदाज असावा लागतो. एक साखळी काढत असेल तर दुसरीने कोणत्या खांबाकडे राहायचं आणि पाठलाग करणारीला कुणी आपल्या अंगावर ओढून घ्यायचं, हे पळता पळता बोलून ठरवता येत नाही. सोबत खेळून खेळूनच ते अंगात मुरतं.

दुसऱ्या तुकडीत ७, ९ आणि ११ क्रमांकाच्या मुली होत्या. एकतीसपैकी त्या अनुक्रमे २१, २२ आणि २३ दिवस हजर होत्या. सरासरी एकाहत्तर टक्के, म्हणजे फार वाईट नाही. पण हजेरीपत्रकावर पट्टी ठेवून तिघी एकाच दिवशी हजर असलेले दिवस मोजले तर ते भरतात फक्त नऊ. असं का झालं, ते आठवड्यांच्या ओळीवर कळतं. ९ आणि ११ क्रमांकाच्या मुलींच्या सगळ्या गैरहजेऱ्या पहिल्या पाच आठवड्यांतल्या आहेत. घरी भाताची लावणी होती, पुढे ओढ्याला पाणी येऊन वाडीचा रस्ता बंद पडला. ७ क्रमांकाची मुलगी त्या काळात जवळजवळ रोज येत होती. ज्या आठवड्यांत त्या दोघी नियमित झाल्या, नेमक्या त्याच आठवड्यांत ही पायाला पट्टी बांधून घरी होती. आठव्या आणि नवव्या आठवड्यात मिळून सात सराव झाले, त्यातल्या एकाही दिवशी ही तुकडी पूर्ण नव्हती. नुसत्या टक्केवारीत हे कुणालाच दिसलं नसतं. सांघिक खेळात एकेकीच्या हजेरीपेक्षा जोडीची आणि तुकडीची हजेरी जास्त सांगून जाते. नमुन्यात तिला स्वतंत्र ओळ हवीच.

दुखापतीचं पान हे बैठकीतलं सगळ्यात नाजूक पान. चार्टवर नाव लिहू नये, क्रमांकही शक्यतो टाळावा. तपशील सरांच्या वहीत असू द्यावा. नोंद मात्र नेमकी असावी. कोणत्या तारखेला, शरीराच्या कोणत्या भागाला, सरावात की सामन्यात, काय करताना, किती दिवस खेळ बंद राहिला, आणि तीच दुखापत परत झाली का. क्रीडावैद्यकात दुखापत किती मोठी हे मुख्यतः ती किती दिवस बाहेर बसवते यावरून ठरवतात. ढोबळ मानाने आठवड्याच्या आतली ती हलकी, ८ ते २८ दिवसांची ती मध्यम, त्यापुढची गंभीर. शाळेला ही मोजपट्टी सोयीची आहे, कारण त्यासाठी डॉक्टरी ज्ञान लागत नाही, कॅलेंडर लागतं. ‘किरकोळ’ हा शब्द नमुन्यातून काढूनच टाकावा. गुडघ्याचं खरचटणं किरकोळ असतं; पण मातीत सूर मारणाऱ्या मुलींना धनुर्वाताची लस वेळेवर मिळाली आहे का, हे त्याच रकान्याशेजारी लिहिता येतं. शासकीय लसीकरणात ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते, आणि सोळाव्या वर्षाची बऱ्याच जणांकडून राहून जाते.

नमुना संघात घोटे मुरगळले ते दोन्ही आठव्या आठवड्यात, गणपतीची सुट्टी संपल्यावर लगेच, पहिल्या दोन सरावांत. दोघीही पाठलागात एकदम दिशा बदलताना. कागदावर हे अगदी शेजारी शेजारी दिसतं: दोन आठवड्यांत जेमतेम तीन सराव आणि नंतर अचानक पूर्ण वेगाचा खेळ, कारण जिल्हा स्पर्धा जवळ आली होती. दोन दुखापतींवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे कबूल. मैदानही ओलं असेल. पण खंडानंतर एकदम ताण वाढवला की दुखापतीचा धोका वाढतो, हे खेळाच्या जगात सगळेच मानतात, आणि इथे त्याच्या उलट काही दिसत नाही. बैठकीत विचारायचा प्रश्न सोपा आहे: पुढच्या वर्षीही गणपती येणारच, तर त्यानंतरचे पहिले दोन सराव कसे घ्यायचे?

दुसरा प्रश्न परत येण्याचा. ७ क्रमांकाची मुलगी चौदा दिवस बाहेर राहिली, दोन सराव केले आणि थेट सामन्यात उतरली. तिला विचारलं होतं, ‘बरं वाटतंय ना गं?’ ती म्हणाली, ‘हो.’ जिल्ह्याच्या सामन्याआधी कोणती मुलगी नाही म्हणेल? दुखणं थांबणं आणि घोटा पुन्हा भरवशाचा होणं यात अंतर असतं, म्हणून विचारण्याऐवजी करून बघावं लागतं. दुखऱ्या पायावर डोळे उघडे ठेवून तीस सेकंद तोल सांभाळता येतो का, त्याच पायावर दहा लंगड्या उड्या न दुखता मारता येतात का, आणि चौकोनांमधून पूर्ण वेगाने नागमोडी पळताना वळण चांगल्या पायाइतकंच झोकात घेता येतं का. ही डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेणारी चाचणी नव्हे. दुखापतीच्या दिवशी मुलीला चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावीच लागते. ती झाली की नाही, याचीही नोंद हवी. वाढत्या वयातल्या मुलांची टाच किंवा गुडघ्याखालचं हाड आठवडेच्या आठवडे दुखत राहतं, तेही ‘पाय दुखतो म्हणते’ एवढ्यावर सोडू नये. त्या वयात हाडाचा वाढीचा भाग कच्चा असतो आणि रोजच्या उड्यांनी तो दुखावतो.

इथवर आल्यावर निकालाकडे वळायचं. तोवर पाऊण तास झालेला असतो, आणि सुटलेल्या गड्याची गोष्ट आपोआप लहान झालेली असते.

खो-खोच्या लोकांचं एक भाग्य आहे. गुणलेखकाच्या पत्रकात प्रत्येक खेळाडू किती मिनिटं पळाली हे सेकंदापर्यंत लिहिलेलं असतं. वर्तमानपत्रात आपण वाचतो ना, ‘२.१० मि. संरक्षण आणि तीन गडी बाद’, ते तिथूनच येतं. बहुतेक शाळा या पत्रकातला शेवटचा आकडा घेतात आणि बाकीचं विसरतात. सामना संपल्यावर पत्रकाचा फोटो काढून ठेवणं, हा हंगामातला सगळ्यात स्वस्त सराव म्हणायला हरकत नाही.

हरलेल्या सामन्यात आपल्या मुलींनी आक्रमणात सहा आणि पाच, असे अकरा गुण मिळवले. समोरच्या संघाने पाच आणि सात, असे बारा. म्हणजे संरक्षणात पहिल्या डावात पाच गेल्या, दुसऱ्या डावात सात. ते दोन गुण कुठे वाढले? पहिल्या डावात पहिली तुकडी ५.२० मिनिटं टिकली आणि उरलेली ३.४० मिनिटं दुसऱ्या तुकडीने दोन गडी गमावून काढली. दुसऱ्या डावात पहिली तुकडी ४.१० ला संपली. थकव्याने एवढा फरक पडतोच. पण दुसरी तुकडी फक्त १.५० मिनिटांत संपली, त्यात ७ क्रमांकाची मुलगी अवघ्या पंचवीस सेकंदांत. पाळीच्या सहाव्या मिनिटाला तिसरी तुकडी मैदानात आली आणि २.२० मिनिटांनी तिच्यातली एक बाद झाली. तोच सातवा, निर्णायक गुण.

आता हिशेब करून पाहा. दुसरी तुकडी आणखी एक्केचाळीस सेकंद टिकली असती, तर तिसऱ्या तुकडीतला तो गडी बाद होण्याआधी पाळीची वेळ संपली असती. गुण अकरा-अकरा झाले असते आणि सामना जादा डावात गेला असता. हा हिशेब म्हणजे पुरावा नाही. एक गोष्ट बदलली की सगळा खेळच बदलतो, समोरचा संघही त्याप्रमाणे खेळतो. पण कुठे पाहायचं ते त्यातून कळतं. शेवटच्या मिनिटाला सुटलेला गडी हा एक गुण होता. संरक्षणातल्या त्या एक्केचाळीस सेकंदांची किंमतही एक गुणच, आणि तो मागितल्यावर मिळण्यासारखा होता. कर्णधार कागदाकडे बघून म्हणाली असती, ‘सर, आम्ही दुसऱ्या तुकडीला कधी सोबत पळवलंच नाही.’ हजेरीच्या नोंदीत ते लिहिलेलं आहेच.

इथे सावधगिरीचा एक शब्द. पाच सामन्यांत चार विजय, म्हणजे ऐंशी टक्के, असं फलकावर लिहायचा मोह होतो. बाद पद्धतीत एवढ्या थोड्या सामन्यांवर टक्केवारीला अर्थ नसतो. सोडतीत तगडा संघ पहिल्याच फेरीत समोर आला असता तर तोच संघ शून्य टक्क्यांवर घरी परतला असता. म्हणून निकालाच्या रकान्यात जिंकलो-हरलो यापुढे तुकड्यांच्या वेळा, आक्रमणातले गुण आणि नाणेफेक जिंकून काय निवडलं एवढंच असावं. हेच आकडे दरवर्षी ठेवले की तीन वर्षांनी त्यांतून काहीतरी बोलता येतं.

शेवटची पंधरा मिनिटं पुढच्या वर्षाची. यात सर्वात आधी एक यादी करायची: कोण उरणार? नमुना संघातल्या बारापैकी पाच जणी दहावीच्या, त्या जातील. राहिलेल्या सात जणींच्या जन्मतारखा वयोगटाच्या नियमाशी आत्ताच ताडून पाहाव्यात, कारण स्पर्धेच्या आदल्या दिवशी ओळखपत्र भरताना एखादी मुलगी वयात बसत नाही असं कळतं आणि सगळी मांडणी कोसळते. ७ आणि ९ उरणार, ११ जाणार. म्हणजे जी तुकडी सुधारायची ती पुढच्या वर्षी अस्तित्वातच नसेल. सुधारणा व्यक्तीची लिहिली तर ती दहावीसोबत शाळा सोडून जाते. सरावाच्या पद्धतीची लिहिली तर उरते.

आणि तीनपेक्षा जास्त सुधारणा लिहू नयेत. पर्यवेक्षक म्हणतील नवे बूट, पालक म्हणतील क्रीडागुणांचा विचार करून सगळ्यांना संधी द्या, कुणी गादी मागेल. ती मागणी वेगळ्या कागदावर घ्यावी. तिचा मार्ग शाळा समितीकडून जातो. या कागदावर फक्त शाळेच्या हातात असलेलं. नमुना संघाच्या कोऱ्या ओळीत शेवटी हे उतरलं: लावणीच्या आठवड्यांत सराव चारऐवजी दोनच दिवस, पण ते वाडीतल्या मुलींना जमतील असे, आणि त्या दिवशी तुकड्या पूर्ण असल्याच पाहिजेत, जबाबदारी कर्णधाराची. गणपतीनंतरचे पहिले दोन सराव निम्म्या वेगाने, सूर आणि एकदम वळणं बंद, जबाबदारी सरांची. दुखापतीनंतर वर सांगितलेल्या तीन गोष्टी करून दाखवल्याशिवाय सामना नाही, आणि हा निर्णय उपकर्णधार आणि सर दोघांनी मिळून घ्यायचा, म्हणजे स्पर्धेच्या घाईत एकट्याचं मन वळत नाही.

प्रत्येक सुधारणेसमोर ‘झालं हे कशावरून कळेल’ असा रकाना ठेवला. पहिलीसमोर लिहिलं: पाचव्या आठवड्याअखेर प्रत्येक तुकडी किमान आठ दिवस पूर्ण हजर. दुसरीसमोर: सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात खेळ बंद करायला लावणारी दुखापत शून्य. तिसरीसमोर: वहीत चाचणीची तारीख आणि दोन सह्या. मग पुढच्या हंगामातली तारीख तिथेच ठरवली, तालुका स्पर्धेनंतरचा पहिला सोमवार, वेळ पंधरा मिनिटं. त्या दिवशी नवा कागद काढायचा नाही, हाच उघडायचा आणि जे झालं नसेल ते चालवायचं की सोडून द्यायचं, एवढंच ठरवायचं.